विश्लेषण : अर्ज मंजूर, पण खाते रिकामे! शिष्यवृत्तीचे पैसे नेमके कुठे अडकतात? कार्यालयाकडे विचारणा कशी करावी?

महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज मंजूर झाल्याचे दिसते, वर्गातील इतरांच्या खात्यात पैसे येतात, पण आपल्या पासबुकात नोंदच नसते. अशा वेळी बहुतेक विद्यार्थी महाविद्यालयाच्या खिडकीवर जातात. तिथून त्यांना समाजकल्याण कार्यालयात पाठवले जाते, कार्यालय बँकेकडे बोट दाखवते आणि बँक म्हणते, ‘आमच्याकडे काही आलेच नाही’. या फेऱ्यांमध्ये सत्र संपते, परीक्षा शुल्काची मुदत येते आणि वसतिगृहाचे पैसे उसने घ्यावे लागतात. पैसे कुठे थांबले, हे आधी कसे ओळखायचे आणि मग कोणत्या शब्दांत विचारायचे, याविषयी...

‘शिष्यवृत्ती कार्यालय’ म्हणजे नेमके कोण?

महाडीबीटी हे एकच संकेतस्थळ असले तरी त्यामागे एकच कार्यालय नाही. अनेक विभागांच्या योजना तिथे एकत्र दिसतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सामाजिक न्याय विभागाकडे आहे आणि जिल्ह्यात ती सहायक आयुक्त, समाजकल्याण हे कार्यालय पाहते. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय असते. ओबीसी आणि भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांच्या योजना इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या आहेत. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती तंत्रशिक्षण, उच्चशिक्षण यांसारखी संचालनालये हाताळतात.

त्यामुळे पहिली चूक बहुधा पत्त्यातच होते. तंत्रशिक्षणाच्या योजनेची तक्रार समाजकल्याण कार्यालयात दिली, तर ती तिथल्या टपालात पडून राहते. अर्जावर योजनेच्या नावाशेजारी विभागाचे नावही छापलेले असते. विचारणा त्या विभागाच्या जिल्हा किंवा विभागीय कार्यालयाकडे, महाविद्यालयामार्फत करावी. या लेखात अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे उदाहरण घेतले आहे, कारण तिचे पैसे दोन वाटांनी येतात आणि सर्वाधिक गोंधळही तिथेच होतो.

एकाच शिष्यवृत्तीचे पैसे दोनदा का येतात?

या योजनेचे उत्पन्न निकष, दर आणि खर्चाचा वाटा केंद्राने ठरवलेला आहे. पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये योजनेची रचना बदलली. त्यानंतर खर्चाचा ६० टक्के भार केंद्राने आणि ४० टक्के भार राज्याने उचलायचा असे ठरले. केंद्राचा हिस्सा राज्याच्या तिजोरीत न जाता थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतो. राज्याने आपला हिस्सा दिला आणि विद्यार्थ्याची माहिती पुढे पाठवली, की केंद्राचा हप्ता निघतो.

आकड्यांत पाहू. अभियांत्रिकी पदवीसारखे व्यावसायिक अभ्यासक्रम पहिल्या गटात येतात. या गटातील वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला १३,५०० रुपये, तर घरून ये-जा करणाऱ्याला ७,००० रुपये शैक्षणिक भत्ता ठरवलेला आहे. शुल्काची रक्कम बाजूला ठेवून फक्त वसतिगृहाच्या भत्त्याचा हिशेब केला, तर राज्याचा वाटा ५,४०० रुपये आणि केंद्राचा ८,१०० रुपये होतो. केंद्राच्या हप्त्यात शुल्काचा भागही मिसळलेला असतो. त्यामुळे प्रत्यक्षात जमा होणारा आकडा यापेक्षा मोठा असू शकतो आणि त्यातील शुल्काचा भाग महाविद्यालयात भरायचा असतो.

याचा अर्थ ‘शिष्यवृत्ती आली नाही’ हे वाक्य अपुरे आहे. राज्याचा हिस्सा आला आणि केंद्राचा राहिला, की दोन्ही राहिले, हे सांगितल्याशिवाय कार्यालयातील लिपिकाला कोणती यादी उघडायची हेच कळत नाही. दोन्ही याद्या वेगळ्या असतात आणि पैसे पाठवण्याच्या तारखाही वेगळ्या असतात.

पैसे कोणत्या थांब्यांवर अडकतात?

अर्जापासून खात्यापर्यंत ढोबळमानाने चार थांबे आहेत.

पहिला थांबा महाविद्यालयाचा. विद्यार्थ्याने अर्ज भरला, की तो महाविद्यालयातील लिपिकाच्या आणि नंतर प्राचार्यांच्या लॉगिनमध्ये जातो. तिथे कागदपत्रे तपासली जातात. गुणपत्रिका अस्पष्ट असली, उत्पन्नाचा दाखला जुना असला किंवा शुल्काचा आकडा जुळला नाही, तर अर्ज त्रुटीसाठी विद्यार्थ्याकडे परत येतो. विद्यार्थी संकेतस्थळ पुन्हा उघडत नाही आणि अर्ज त्याच्याच खात्यात पडून राहतो. अशा वेळी कार्यालयाकडे कितीही पत्रे लिहिली तरी उपयोग नसतो, कारण अर्ज तिथे पोहोचलेलाच नसतो.

दुसरा थांबा जिल्हा कार्यालयाचा. महाविद्यालयाने पुढे पाठवलेला अर्ज तिथे पुन्हा तपासला जातो आणि मंजूर होतो. इथे अर्ज रेंगाळला असेल, तर स्थितीच्या पानावर महाविद्यालयाच्या मंजुरीची तारीख दिसते, पण त्यापुढची नोंद दिसत नाही.

तिसरा थांबा निधीचा. अर्ज मंजूर होणे आणि त्याचे देयक तयार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विभागाकडे तरतूद हवी, देयक निघायला हवे आणि पैसे सोडले जायला हवेत. या टप्प्यावर दोष विद्यार्थ्याचा नसतो आणि त्याने दुरुस्त करण्यासारखेही काही नसते. खूण एवढीच, की त्या महाविद्यालयातील त्याच योजनेच्या इतरांनाही पैसे मिळालेले नसतात. म्हणूनच तक्रार करण्याआधी वर्गातील दोन-तीन जणांना विचारणे उपयोगाचे ठरते. सगळ्यांचेच पैसे राहिले असतील तर अडचण निधीची आहे, एकट्याचेच राहिले असतील तर बहुधा खात्याची आहे.

चौथा थांबा बँकेचा. पैसे निघाले, पण पोहोचले नाहीत किंवा दुसरीकडेच पोहोचले. सर्वांत कमी समजला जाणारा थांबा हाच आहे.

अर्जात खाते क्रमांक बरोबर असूनही पैसे दुसरीकडे कसे जातात?

आधारवर आधारलेल्या पद्धतीत पैसे पाठवणारी यंत्रणा खाते क्रमांक पाहत नाही. ती विद्यार्थ्याचा आधार क्रमांक आणि रक्कम पाठवते. भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळ, म्हणजे एनपीसीआय, यांच्याकडे एक नोंदवही असते. तिला ‘मॅपर’ म्हणतात. कोणता आधार क्रमांक सध्या कोणत्या बँकेशी जोडलेला आहे, एवढेच त्यात नोंदलेले असते. खाते क्रमांक त्यात नसतो. मॅपर पाहून पैसे त्या बँकेकडे जातात आणि आपल्याकडील कोणत्या खात्यात ते टाकायचे हे ती बँक आपल्या नोंदीवरून ठरवते.

या नोंदवहीत एका आधारसमोर एका वेळी एकच बँक असते. शेवटी ज्या बँकेने जोडणी केली ती बँक तिथे राहते आणि आधीची पुसली जाते. त्यामुळे विद्यार्थ्याने जुन्या बँकेत खाते चालू ठेवले, अर्जातही तेच खाते लिहिले आणि मधल्या काळात आधार देऊन दुसरीकडे खाते उघडले, तर पुढचे पैसे नव्या बँकेत जाऊ शकतात. खाते उघडताना ‘अनुदानाची रक्कम या खात्यात घ्यायची आहे’ अशा संमतीच्या चौकटीवर खूण झालेली असते, पण ती क्वचितच कोणी वाचते. हा धोका नवा नाही. मोबाइल ग्राहकांची आधार पडताळणी करताना त्यांच्या नकळत पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली आणि गॅसचे अनुदान तिकडे वळले, अशा तक्रारींनंतर आधार प्राधिकरणाने डिसेंबर २०१७ मध्ये एका मोबाइल कंपनीचा आणि तिच्या पेमेंट्स बँकेचा ई-केवायसी परवाना तात्पुरता रोखला होता.

इथे आणखी एक फरक समजून घ्यावा लागतो. बँकेत आधारची झेरॉक्स दिली आणि खात्याला आधार ‘लिंक’ झाले, म्हणजे एनपीसीआयच्या मॅपरमध्ये नोंद झाली असे नाही. पहिली नोंद बँकेची ओळखपडताळणीसाठी असते. दुसरी जोडणी अनुदान आणि शिष्यवृत्तीसाठी असते आणि तिला ‘आधार सीडिंग’ म्हणतात. त्यासाठी खातेदाराची वेगळी संमती लागते. ‘आधार लिंक आहे ना?’ असे विचारल्यावर बँकेतून ‘आहे’ असे उत्तर मिळते आणि तरीही पैसे येत नाहीत, याचे कारण बहुतेकदा हेच असते. बँकेत विचारताना ‘डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंग झाले आहे का?’ असे विचारावे.

घरबसल्या काय तपासता येते?

तीन ठिकाणी पाहावे आणि प्रत्येक ठिकाणचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवावा.

पहिले, महाडीबीटीच्या लॉगिनमध्ये अर्ज केलेल्या योजनेची स्थिती. तिथे अर्ज क्रमांक, महाविद्यालय आणि कार्यालय यांच्या मंजुरीची नोंद दिसते. विद्यार्थ्याकडून एखादी कृती बाकी आहे का, उदाहरणार्थ त्रुटी दूर करणे किंवा हप्ता स्वीकारण्यासाठी ‘रिडीम’ करणे, हेही तिथेच कळते.

दुसरे, `myaadhaar.uidai.gov.in` या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी देऊन `Bank Seeding Status` हा पर्याय उघडावा. तिथे बँकेचे नाव, जोडणी सुरू आहे की नाही आणि ती शेवटची कधी बदलली ती तारीख दिसते. संपूर्ण चौकशीत सर्वांत मोलाची ओळ हीच असते. बँकेचे नाव अनोळखी निघाले, तर निम्मे कोडे तिथेच सुटते. ओटीपीसाठी आधारला मोबाइल क्रमांक जोडलेला हवा. तो नसेल तर बँकेच्या शाखेतून हीच माहिती घ्यावी.

तिसरे, केंद्र सरकारच्या सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणालीचे, म्हणजे पीएफएमएसचे संकेतस्थळ. तिथे `Know Your Payments` या पानावर बँकेचे नाव आणि खाते क्रमांक दोनदा टाकला, की त्या खात्याच्या नावे निघालेली देयके दिसतात. याची मर्यादा अशी, की जे खाते टाकले तेवढ्याचेच उत्तर मिळते. पैसे दुसऱ्याच बँकेकडे गेले असतील तर जुने खाते टाकून काहीच दिसणार नाही. त्यामुळे आधी सीडिंगची स्थिती आणि मग पीएफएमएस, हा क्रम ठेवावा.

प्रत्यक्षात हे कसे घडते?

एक उदाहरण घेऊ. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने २०२४-२५ या वर्षासाठी १२ सप्टेंबर २०२४ रोजी नूतनीकरणाचा अर्ज भरला, असे समजा. महाविद्यालयाने तो ४ ऑक्टोबरला आणि जिल्हा कार्यालयाने ११ नोव्हेंबरला मंजूर केला. राज्याचा हिस्सा २३ जानेवारी २०२५ रोजी तिच्या गावातील बँकेच्या खात्यात आला. केंद्राचा हिस्सा मात्र एप्रिल संपला तरी आला नाही. तिच्या दोन मैत्रिणींना तो मार्चमध्ये मिळाला होता.

तिने महाविद्यालयात अर्ज दिला, ‘माझी शिष्यवृत्ती अद्याप जमा झालेली नाही, तरी लवकरात लवकर जमा करावी ही विनंती.’ त्यावर उत्तर आले, ‘आपला अर्ज मंजूर आहे.’ हे उत्तर चुकीचे नव्हते. अर्ज मंजूर होताच. पण विचारणेत वर्ष नव्हते, हिस्सा कोणता ते नव्हते आणि प्रश्नही नव्हता. लिपिकाने स्थितीचे पान उघडले आणि समोर दिसले ते लिहून दिले.

मग तिने सीडिंगची स्थिती पाहिली. तिथे गावच्या बँकेऐवजी दुसऱ्याच बँकेचे नाव होते आणि जोडणीची तारीख होती २० फेब्रुवारी २०२५. तेव्हा तिला आठवले, की महाविद्यालयाजवळच्या एका शिबिरात तिने अंगठा देऊन खाते उघडले होते. ते नको म्हणून ५ मार्चला तिने ते बंदही करून टाकले होते. खाते बंद झाले, पण मॅपरमधील नोंद त्याच बँकेच्या नावावर राहिली. त्या बँकेत चौकशी केल्यावर कळले, की बंद खात्यात काहीच जमा झालेले नाही.

आता चित्र बरेच स्पष्ट झाले. राज्याचा हिस्सा आला तेव्हा जोडणी गावच्या बँकेशी होती. मैत्रिणींना मार्चमध्ये पैसे आले, म्हणजे हिचेही बहुधा त्याच सुमारास निघाले असावेत. पण तोपर्यंत जोडणी दुसऱ्या बँकेशी झाली होती आणि तिथले खाते बंद होते. म्हणजे देयक परत गेले असण्याची शक्यता मोठी होती. २ मे रोजी तिने गावच्या बँकेत सीडिंगचा संमती अर्ज भरला आणि ९ मे रोजी स्थितीत त्या बँकेचे नाव पुन्हा दिसू लागले.

अनेक जण इथेच थांबतात आणि वाट पाहतात. पण जोडणी दुरुस्त झाल्याने फक्त पुढच्या पैशांची वाट मोकळी होते. परत गेलेले पैसे त्यामुळे आपोआप निघत नाहीत, ते पाठवणाऱ्या यंत्रणेला पुन्हा पाठवावे लागतात. त्यासाठी दुरुस्ती झाल्याचे तिला कळवावे लागते. पत्राची खरी गरज इथे असते.

पत्र कसे असावे?

पत्र एका पानाचे असावे. आधी ओळख, मग तारखांनुसार घटनाक्रम, मग उत्तर देता येतील असे प्रश्न आणि शेवटी जोडपत्रे. वरच्या उदाहरणातील पत्र साधारण असे होईल :

> प्रति,
> मा. सहायक आयुक्त, समाजकल्याण, जिल्हा ......
> मार्फत : मा. प्राचार्य, ......
>
> विषय : भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, सन २०२४-२५, केंद्र हिस्सा खात्यात जमा न झाल्याबाबत.
> अर्ज क्रमांक : ......
>
> महोदय,
> मी वरील महाविद्यालयात अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकत असून वसतिगृहात राहते. माझ्या अर्जाचा तपशील असा :
>
> १२ सप्टेंबर २०२४ : नूतनीकरणाचा अर्ज सादर.
> ४ ऑक्टोबर २०२४ : महाविद्यालयाची मंजुरी.
> ११ नोव्हेंबर २०२४ : आपल्या कार्यालयाची मंजुरी.
> २३ जानेवारी २०२५ : राज्य हिस्सा जमा.
> २० फेब्रुवारी २०२५ : आधार जोडणी दुसऱ्या बँकेकडे गेली. ते खाते ५ मार्च २०२५ रोजी बंद केले.
> ९ मे २०२५ : आधार जोडणी पुन्हा मूळ बँकेशी सुरू.
>
> केंद्र हिस्सा आजपर्यंत दोन्हींपैकी एकाही खात्यात जमा झालेला नाही. कृपया पुढील माहिती द्यावी :
> १. माझ्या केंद्र हिश्श्याचे देयक पाठवले आहे का? असल्यास तारीख व रक्कम काय?
> २. ते परत आले असल्यास कोणत्या तारखेला व कोणत्या कारणाने?
> ३. आधार जोडणी आता दुरुस्त झाली असल्याने ते पुन्हा पाठवण्यासाठी कोणत्या स्तरावर कार्यवाही आवश्यक आहे आणि ती सुरू केली आहे का?
>
> जोडपत्रे : अर्जाच्या स्थितीचे पान, आधार जोडणीच्या स्थितीचे पान, मूळ खात्याचा १ जानेवारी ते ९ मे २०२५ या काळाचा उतारा, खाते बंद केल्याची पावती.
>
> आपली विश्वासू,
> (नाव, वर्ग, मोबाइल क्रमांक, दिनांक, सही)

या पत्रात तक्रारीचा सूर नाही आणि घरच्या परिस्थितीचे वर्णनही नाही. ते लिहिण्यात गैर काही नाही, पण त्याने लिपिकाचे काम सोपे होत नाही. अर्ज क्रमांकामुळे नोंद लगेच सापडते, ‘केंद्र हिस्सा’ या शब्दांमुळे यादी कोणती ते कळते आणि तारखांमुळे कोणत्या महिन्यातील देयके पाहायची ते कळते. तिन्ही प्रश्नांना ‘अर्ज मंजूर आहे’ हे उत्तर लागू पडत नाही.

बँकेच्या उताऱ्याचा काळ विचारपूर्वक निवडावा. शेवटच्या महिन्याचा उतारा जोडला तर आधी काही जमा झाले नव्हते हे सिद्ध होत नाही. राज्याचा हिस्सा आल्याच्या आधीपासून ते पत्राच्या दिवसापर्यंतचा सलग उतारा द्यावा.

पूर्ण आधार क्रमांक पत्रात लिहू नये, गरज पडल्यास शेवटचे चार अंक पुरतात. ओटीपी, एटीएमचा पिन किंवा महाडीबीटीचा पासवर्ड कोणत्याही कार्यालयाला लागत नाही. ‘पैसे सोडवून देतो’ म्हणत हे मागणारी व्यक्ती कार्यालयाची नसते.

पत्र दिल्यानंतर काय?

पत्राच्या दोन प्रती न्याव्यात. एक कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. हा क्रमांक पुढच्या प्रत्येक विचारणेत लागतो. ईमेल पाठवला असला तरी महाविद्यालयामार्फत एक प्रत जावी, कारण बरीचशी उत्तरे महाविद्यालयाच्या लॉगिनमधूनच शोधली जातात.

पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास आवक क्रमांकाचा उल्लेख करून स्मरणपत्र द्यावे. त्यानंतर राज्याच्या ‘आपले सरकार’ तक्रार निवारण संकेतस्थळावर विभाग आणि जिल्हा निवडून तक्रार नोंदवता येते. केंद्र हिस्सा राज्याकडून पुढे गेला आहे, पण तिथेच अडकला आहे असे उत्तर मिळाले, तर केंद्राच्या `pgportal.gov.in` वर सामाजिक न्याय व सक्षमीकरण मंत्रालयाच्या नावे तक्रार करता येते. केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये या तक्रारी निकाली काढण्याची मुदत ३० दिवसांवरून २१ दिवसांवर आणली.

यानेही उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा मार्ग आहे. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. न मिळाल्यास पहिले अपील करता येते. मात्र माहिती अधिकारात ‘पैसे का दिले नाहीत?’ असे विचारून फारसे हाती लागत नाही, कारण या कायद्याने उपलब्ध नोंद मिळते, स्पष्टीकरण नव्हे. त्याऐवजी ‘अमुक अर्ज क्रमांकाच्या देयकाची तारीख, रक्कम, स्थिती आणि परत आल्यास नोंदवलेले कारण दर्शवणाऱ्या नोंदीची प्रत द्यावी’ असे मागावे.

दोष बँकेचा निघाला तर?

कधी कधी देयक योग्य बँकेत पोहोचते आणि तिथेच अडते. शाळेत असताना अपुऱ्या कागदपत्रांवर उघडलेल्या ‘छोट्या खात्यां’ना मर्यादा असतात. त्यात एका वेळी ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक आणि वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा चालत नाही. शुल्क आणि भत्ता एकत्र आल्यास वर्षभरातील जमेची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. उपाय सोपा आहे. बँकेत पूर्ण केवायसी करून ते नियमित बचत खाते करून घ्यावे आणि ते हप्ता येण्याच्या आधी करावे.

दुसरे कारण निष्क्रिय खाते. दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही, तर बँका ते निष्क्रिय ठरवतात. मात्र रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२४ रोजी काढलेल्या आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या सूचनांनुसार, शिष्यवृत्ती किंवा थेट लाभासाठी उघडलेली शून्य शिल्लक खाती व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय ठरवता येत नाहीत. अशा खात्यात पैसे नाकारले गेले, तर शाखेकडे या सूचनांचा उल्लेख करून लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार विनामूल्य करता येते.

तोपर्यंत महाविद्यालयाने शुल्कासाठी अडवले तर?

कार्यालयाच्या शिक्क्याची पत्राची प्रत आणि अर्ज मंजूर असल्याचे पान महाविद्यालयाच्या लेखा विभागात द्यावे आणि केंद्र हिस्सा प्रलंबित असल्याची नोंद विद्यार्थ्याच्या शुल्काच्या खात्यावर करून घ्यावी. परीक्षेचा अर्ज किंवा गुणपत्रिका अडली तर तेही त्याच जिल्हा कार्यालयाला वेगळ्या पत्राने, तारखेसह कळवावे. दोन्ही विषय एकाच पत्रात मिसळले, तर बहुधा एकाचेच उत्तर मिळते.

पुढच्या वर्षी हे टाळता येईल का?

निधी उशिरा सुटणे विद्यार्थ्याच्या हातात नाही. चौथा थांबा मात्र बऱ्याच अंशी त्याच्या हातात आहे. अर्ज भरल्यापासून दोन्ही हिस्से जमा होईपर्यंत आधार देऊन नवे खाते उघडू नये. उघडावेच लागले, तर अनुदानाच्या संमतीच्या चौकटीवरील खूण काढायला सांगावी. सीडिंग झालेले खाते बंद करायचे असेल, तर आधी जोडणी दुसऱ्या बँकेत हलवावी, संकेतस्थळावर ती बदललेली दिसली की मगच बंद करावे. महिन्यातून एकदा सीडिंगची स्थिती पाहण्यास दोन मिनिटे लागतात. वरच्या उदाहरणातील विद्यार्थिनीने ती मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाहिली असती, तर बंद खात्यासमोरची नोंद तिला तेव्हाच दिसली असती आणि मेमधल्या पत्राची वेळ बहुधा आली नसती.